‘बघू’ आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’

आपल्या खानदेशात नवरा-बायकोंनी एकमेकांना नाराजी न बोलता कळवायची दोन वाक्यं जवळजवळ ठरलेली आहेत. नवऱ्याचं वाक्य आहे ‘बघू’. बायकोचं आहे ‘तुम्ही म्हणाल तसं’. पहिलं ऐकून बायको समजते की नकार आला. दुसरं ऐकून नवरा समजतो की होकार मिळाला. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकतो. हे सगळ्यात जास्त दिसतं ते परगावच्या नोकरीची गोष्ट निघते तेव्हा. जळगाव-धुळ्याच्या घरांत अशी गोष्ट आता दर दोन-तीन वर्षांनी निघतेच. कुणाला पुणे, कुणाला सुरत, कुणाला चाकण, तर कुणाला कोकणातली शाळा.

या वेळी त्याच एका क्षणाबद्दल लिहिते आहे. तुम्ही म्हणता, ‘मला तिकडे नोकरी मिळतेय,’ आणि समोरच्याचा चेहरा क्षणभर उतरतो. त्या चेहऱ्याचा अर्थ काय लावायचा आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं? सोयीसाठी ओळखीच्या दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र करून एक घर उभं करते. नावं देत नाही.

जळगावातलं घर. ती उर्दू माध्यमातून डी.एड. झालेली. अभियोग्यता चाचणी दिली, पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरले आणि रायगड जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत निवड झाली. शाळा म्हसळ्याच्या बाजूला. त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. वडिलांपासून चालत आलेलं, गिऱ्हाईक बांधलेलं. मुलगी चार वर्षांची. घरात सासूबाई, त्यांना रोज इन्सुलिन लागतं. निवड यादीत नाव दिसलं तेव्हा दुपार होती. रात्री दस्तरख्वानवर सगळे बसले असताना तिने सांगितलं. नणंद म्हणाली, ‘मुबारक हो भाभी!’ सासूबाई म्हणाल्या, ‘म्हसळा? ते कुठे आलं?’ त्याने भाकरीचा तुकडा मोडला, ‘अच्छा’ म्हणाला, मग ‘बघू’ म्हणाला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या रात्री ती रडली. तिच्या लेखी नवऱ्याने तिच्या पाच-सहा वर्षांच्या मेहनतीवर पाणी ओतलं होतं.

त्याने खरंच तसं केलं का, हे ठरवण्याआधी जागेकडे बघू. आई, बहीण आणि पोर समोर असताना नवऱ्याने काय बोलावं अशी अपेक्षा होती? ‘फार छान, जा’ म्हणावं तर आईच्या मनात काय येईल. ‘मग घराचं काय’ म्हणावं तर बायकोचा सगळ्यांसमोर अपमान. एकत्र कुटुंबात अशी बातमी सर्वांसमोर सांगितली की जोडीदाराला स्वतःचा चेहराच उरत नाही. तो मुलगा असतो, भाऊ असतो, मग नवरा असतो. त्यामुळे ‘बघू’ हे उत्तर कितीदा तरी बातमीला नसतं, बसलेल्या माणसांना असतं. अशी बातमी आधी दोघांत सांगावी. गॅरेज बंद करून तो परत येतो त्या वाटेवर, गच्चीवर, कुठेही. घरच्यांना एक दिवस उशिरा कळलं तरी काही बिघडत नाही.

जोडीदाराच्या पहिल्या प्रतिसादावर मानसशास्त्रात चांगलं काम झालेलं आहे. शेली गेबल या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ आणि २००६ साली यावर लेख प्रसिद्ध केले. तोवर जोडप्यांवरचं बरंचसं संशोधन दुःखाच्या प्रसंगी साथ कशी मिळते यावर होतं. गेबलने उलटा प्रश्न विचारला: आनंदाची बातमी सांगितल्यावर काय होतं? तिने प्रतिसादाचे चार प्रकार केले. आपल्या घरच्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रकार हातातलं काम ठेवून विचारणारा: ‘खरंच? कधी कळलं? शाळा कशी आहे?’ दुसरा ‘छान झालं’ म्हणून परत मोबाइलकडे वळणारा. तिसरा लगेच खोट काढणारा: ‘तिथे पाऊस किती असतो माहीत आहे का, सोळा हजारात काय होतं?’ आणि चौथा बातमी ऐकलीच नाही असा: ‘अम्मीची गोळी आणली का?’

तिच्या अभ्यासात पहिल्या प्रकाराचाच नात्याच्या समाधानाशी चांगला संबंध दिसला. आश्चर्य वाटेल, पण ‘छान झालं’ म्हणणारा दुसरा प्रकारही उपयोगी ठरला नाही. शब्द चांगले, पण त्यांच्या मागे प्रश्न नाही, म्हणून ते ऐकणाऱ्याला कोरडे लागतात. २००६ च्या अभ्यासात जोडप्यांना समोरासमोर बसवून चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही गोष्टी बोलायला लावल्या होत्या. दोन महिन्यांनी नात्याची स्थिती पाहिली, तेव्हा चांगल्या बातमीला मिळालेला प्रतिसाद वाईट बातमीच्या प्रतिसादापेक्षा जास्त काही सांगून गेला.

पण हे वाचून नवऱ्याच्या ‘बघू’ला लगेच चौथ्या खणात टाकू नका. त्या अभ्यासातली जोडपी अमेरिकेतली होती, लग्न न झालेली तरुण होती. त्यांच्या चांगल्या बातम्या बहुतेक अशा की ज्यात दुसऱ्याचं काही जात नाही. परीक्षेत गुण मिळाले, कुणी कौतुक केलं. परगावची नोकरी तशी बातमी नाही. एकाच वाक्यात एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान असतं. ऐकणारा एकाच क्षणी दोन गोष्टी ऐकतो: ‘तिला मिळालं’ आणि ‘माझं जाणार’. दुसरी गोष्ट बोलायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटतं. बायकोच्या यशाच्या दिवशी ‘मला एकटं वाटेल’ असं कोणता खानदेशी नवरा म्हणतो? मग राहतो तो ‘बघू’.

जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली कुटुंबाच्या स्थलांतरावर एक लेख लिहिला, त्यात ही गोष्ट नेमकी पकडली आहे. तो म्हणतो, कुटुंब जागा बदलतं ते एकूण बेरीज पाहून. बेरीज फायद्याची आली तरी त्यातल्या एकाचा हिशेब तोट्याचा असू शकतो. तो माणूस स्वतःहून कधीच निघाला नसता, पण घरासोबत बांधला गेला म्हणून निघतो. उलटही होतं. एखाद्याला जाण्यात फायदा असतो, पण घरासाठी तो मागे राहतो. बांधून गेलेला आणि बांधून राहिलेला, असे हे दोघे. मिन्सरच्या काळात बांधून जाणारी बहुतेक बायकोच होती. आपल्याकडे आजही बऱ्याच घरांत तसंच आहे. म्हणून जोडीदाराचा उतरलेला चेहरा म्हणजे प्रेम कमी आहे असं नाही. बऱ्याचदा तो चेहरा एकूण बेरजेतला त्याचा स्वतःचा आकडा दाखवत असतो, जो अजून कुणी कागदावर घेतलेलाच नाही.

धुळ्याचं उदाहरण थोडक्यात देते. तिथे नोकरी नवऱ्याला आली होती. अवधानच्या औद्योगिक वसाहतीत पंधरा हजारांवर फिटर, चाकणला सव्वीस हजार मिळत होते. बायको घरी बुरखे आणि ड्रेस शिवते, महिन्याला पाचेक हजार सुटतात, घर स्वतःचं. त्याने सांगितलं, ती म्हणाली, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आता आकडे पाहा. पगार अकरा हजारांनी वाढला. सगळं घर चाकणला न्यायचं तर दोन खोल्यांचं भाडं नऊ हजार धरा, तिचं पाच हजारांचं शिवणकाम गेलं. म्हणजे पगारवाढ मिळूनही घर महिन्याला तीन हजारांनी मागे. हे तिला त्याच क्षणी दिसलं होतं, कारण शिवणाची वही तिच्याकडे होती. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणाऱ्या बाईने वही काढून दाखवायची आपल्याकडे पद्धत नाही. तो एकटाच गेला. दोन महिन्यांत फोनवरचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘मुलं झोपली’ एवढ्यावर आलं. त्याला वाटायचं ही थंड झाली. तिला वाटायचं मला न विचारता गेले. दोघांच्या मते समोरच्याने दगा दिला होता, आणि मूळ एका चुकीच्या वाचलेल्या होकारात होतं.

मग शांतता वाचायची कशी? पहिल्या मिनिटावर जाऊ नका, पुढचे तीन-चार दिवस पाहा. ज्याच्या मनात खंत आहे पण विरोध नाही, तो वेळी-अवेळी लहान लहान प्रश्न विचारतो. स्पार्क प्लग साफ करता करता विचारेल, ‘तिथे गाडी कुठली जाते?’ झोपताना म्हणेल, ‘मुन्नीला तिकडे अंगणवाडी असेल ना?’ असे प्रश्न म्हणजे तो मनातल्या मनात तिकडे जाऊन पाहतो आहे. त्यांना त्याच वेळी नीट उत्तर द्या, ‘तुम्हाला पाठवायचंच नाही ना’ असं म्हणू नका. ज्याचा विरोध आहे तो प्रश्न विचारत नाही, साक्षीदार आणतो: अम्मीला आवडणार नाही, मामू काय म्हणतील, मोहल्ल्यात बोलतील. त्याच्याशीही बोलता येतं, पण आधी एवढं विचारावं लागतं की ‘लोकांचं राहू द्या, तुमचं काय मत आहे?’

आणखी एक प्रकार आहे, त्याला मी खंत म्हणणार नाही. नियुक्ती आदेशात रुजू होण्याची मुदत लिहिलेली असते. रोज ‘उद्या बोलू’ म्हणत ती मुदत टळू देणं, मूळ कागद कपाटात ठेवून किल्ली विसरणं, कागदपत्र पडताळणीच्या दिवशीच गावाला जायचं काढणं. हा तोंडाने न दिलेला नकार आहे आणि तो तसाच समजावा. अशा वेळी घरातला एखादा वडीलधारा, ज्याचा दोघेही मान ठेवतात, मुदतीच्या आधी मध्ये घ्यावा. मुदत गेल्यावर सगळेच सहानुभूती दाखवतात, त्याचा उपयोग नसतो.

जळगावच्या नवऱ्याने तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘सोळा हजारच देतात ना सुरुवातीला?’ तिला तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता, त्याने कुणाला तरी विचारून माहिती काढली होती. दुसऱ्या रात्री दोघे वही घेऊन बसले. त्या बैठकीत त्यांनी काय केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक घरं घाई करतात.

आधी त्यांनी पैशाला हात लावला नाही. तिने विचारलं, ‘मी गेले तर तुमचं काय काय जाईल, एकेक सांगा.’ तो आधी हसला, मग बोलू लागला. गॅरेजची उधारीची वही तीच लिहायची. अम्मीचं सकाळचं इन्सुलिन तीच द्यायची, त्याला सुई टोचायची भीती वाटते. मुन्नी रात्री बापाच्या पोटावर झोपते, ती गेली तर. शेवटी म्हणाला, ‘आणि लोक म्हणतील बायकोच्या पगारावर आहे.’ चार गोष्टी. त्यातल्या दोन सोडवता येण्यासारख्या होत्या. एक सोसण्याची होती. आणि एक अशी होती की बोलून झाल्यावर तिचं वजन निम्मं झालं. इतके दिवस ‘बघू’ या एका शब्दात या चारही गोष्टी कोंबलेल्या होत्या. मग त्याने तिला विचारलं, ‘नाही गेलीस तर तुझं काय जाईल?’ तीही बोलली. वयोमर्यादेची भीती, पुढची भरती कधी निघेल याचा भरवसा नाही, आणि खासगी शाळेत सात हजारांवर राबण्याचा कंटाळा.

मग पैसे. प्राथमिक शाळेच्या शिक्षण सेवकाला २०२३ पासून महिन्याला १६,००० रुपये मानधन आहे, पूर्वी ते ६,००० होतं. हा सेवक काळ तीन वर्षांचा. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी लागते, तिचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. त्यांनी पहिल्या तीन वर्षांचा महिना असा मांडला: खोलीचं भाडं ३,५००, जेवण, गॅस आणि मोबाइल ४,५००, महिन्यातून एक फेरी १,५००, मुलगी सोबत असेल तर तिला सांभाळणाऱ्या बाईचे २,५००. एकूण १२,०००. हातात राहतात ४,०००. इकडे जळगावात खासगी शाळेचे सात आणि शिकवणीचे तीन मिळून १०,००० येत होते आणि भाडं नव्हतं. म्हणजे सेवक काळात घर महिन्याला ६,००० ने मागे राहणार. तीन वर्षांत २,१६,०००.

चौथ्या वर्षापासून चित्र उलटतं. भत्ते बाजूला ठेवून फक्त मूळ वेतन धरलं तरी २९,२०० वजा १२,००० म्हणजे १७,२०० उरतात, जळगावच्या दहा हजारांपेक्षा ७,२०० जास्त. आधीचा खड्डा भरायला तीस महिने लागतील. म्हणजे आजपासून साडेपाच वर्षांनी घर बरोबरीत येईल, भत्ते धरले तर त्याआधी. हा आकडा पाहून दोघेही गप्प झाले, पण ही गप्प बसण्याची जात वेगळी होती. आता दोघांसमोर एकच वही होती. ‘सरकारी नोकरी म्हणजे लगेच भरभराट’ हे तिचं स्वप्न आणि ‘सोळा हजारात काय होतं’ ही त्याची शंका, दोन्ही अर्धीच होती.

तिसरी गोष्ट बदलीची. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत नोकरी स्वीकारताना एकमेकांना धीर देण्यासाठी एक वाक्य म्हटलं जातं: ‘दोन वर्षांत बदली करून घेऊ.’ या वाक्यावर जोडीदार हो म्हणतो आणि मग पाच वर्षं वाट पाहतो. जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग आहे. दोघांच्या कामाच्या जागांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्याचा विचार होतो. पण तो जोडीदारही सरकारी, निमसरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत नोकरीला असेल तर. स्वतःचं गॅरेज, दुकान, शिवणकाम त्यात बसत नाही. शिवाय ही बदली त्याच जिल्ह्याच्या आत होते. रायगडहून जळगावला यायचं तर आंतरजिल्हा बदली लागते, तिचे नियम अलीकडच्या वर्षांत पुन्हा पुन्हा बदलले आहेत, आणि रिक्त जागा, प्रवर्ग, माध्यम या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. उर्दू माध्यमाच्या जागा मुळात थोड्या. म्हणून नियुक्ती आदेशातली बदलीची अट दोघांनी मिळून शब्दशः वाचावी आणि बदली होणारच नाही असं धरून होकार किंवा नकार ठरवावा. झाली तर अल्लाहची मेहरबानी.

अंतराचा प्रश्न आपल्या दीनमध्येही नवा नाही. हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दलची रिवायत अनेकांनी ऐकली असेल. रात्री मदीनेत फिरताना त्यांना एका बाईचा आवाज आला, तिचा नवरा मोहिमेवर गेलेला होता आणि ती विरहाचे शब्द म्हणत होती. त्यांनी आपल्या मुलीला, हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारलं की बाई नवऱ्यावाचून किती काळ राहू शकते. उत्तर चार महिन्यांचं मिळालं, काही रिवायतींत सहा महिन्यांचं, आणि त्यांनी सैनिकांना त्याहून जास्त काळ घरापासून दूर न ठेवण्याचा हुकूम काढला. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या बाईने कुणाकडे तक्रार नेली नव्हती. तिचं दुःख बंद दाराआडचं होतं. ते ऐकणाऱ्याने स्वतः जाऊन विचारलं, आणि विचारलं तेही एका बाईला.

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत बाळाचं दूध सोडवण्याचा निर्णयसुद्धा आई-बापाने परस्पर संमतीने आणि सल्लामसलतीने घ्यावा असं आलं आहे. दुधासाठी मशवरा लागतो, तर बापापासून मुलीला पाचशेच्या आसपास किलोमीटर दूर नेताना तो नको का? निकाहाच्या वेळी ‘मला माझ्या गावातून बाहेर नेणार नाही’ अशी अट घालण्याची चर्चाही फिकहच्या किताबांत आहे. हंबली मतात ती अट पाळावी लागते, न पाळल्यास बायकोला निकाह तोडून मागता येतो. हनफी आणि शाफई मतांत निकाह कायम राहतो, पण अट त्या अर्थाने बंधनकारक धरली जात नाही. खानदेशात बहुतेक हनफी, कोकणात बहुतेक शाफई. ज्यांच्या निकाहनाम्यात असं काही लिहिलेलं आहे त्यांनी आपल्या मुफ्तींना आधी विचारावं. आणि इस्तिखाऱ्याबद्दल एक सांगते, राग मानू नका. काही घरांत इस्तिखारा चर्चा बंद करण्यासाठी वापरला जातो: ‘मी केला, दिल लागत नाही.’ झालं, विषय संपला. इस्तिखारा करावाच. पण वही लिहून, आदेश वाचून, जोडीदाराचं ऐकून मग करावा. दोघांनीही करावा.

पुन्हा जळगावच्या घराकडे. त्या आठवड्यात त्याने एक काम केलं जे मला कुठल्याही ‘मुबारक हो’पेक्षा मोठं वाटतं. गॅरेज दोन दिवस पोरावर सोपवून तो तिच्यासोबत म्हसळ्याला जाऊन आला. रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून पनवेल, मग एसटी. दारापासून दारापर्यंत तेरा तास. शाळा पाहिली, जवळ राहणाऱ्या एका कोकणी कुटुंबाची खोली पाहिली. तिथल्या खालांनी तांदळाची भाकरी आणि मासे वाढले. हा ज्वारी-कळण्यावर वाढलेला माणूस काटे काढता काढता बेजार झाला. परत येताना गाडीत म्हणाला, ‘जागा बरी आहे. पावसात छप्पर बघावं लागेल.’ ज्याला विरोध करायचा असतो तो छपराबद्दल बोलत नाही.

त्यांनी कॅलेंडरवर तारखा टाकल्या. शाळा जूनच्या मध्यात सुरू होते, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चार-साडेचार महिने, तिथून मेच्या सुट्टीपर्यंत पुन्हा पाच-सहा. फक्त सुट्ट्यांवर भागणार नाही हे उघड होतं. म्हणून महिन्यातून एक फेरी पक्की, एकदा ती, एकदा तो. फेरीचे पंधराशे रुपये वेगळ्या डब्यात, त्याला कशासाठीही हात लावायचा नाही. पैशाची ओढ लागली की घरं पहिली काट इथेच मारतात आणि फोनवरचं ‘जेवलात का’ तिथूनच सुरू होतं. इन्सुलिन द्यायला नणंद शिकली. उधारीची वही तो स्वतः लिहू लागला, अक्षर वाईट आहे पण हिशेब जुळतो. ‘बायकोच्या पगारावर’ या बोलण्याचं काय करायचं ते ठरलं नाही. तो म्हणाला, ऐकून घेईन.

मुलगी कुणाकडे राहील, यावर मात्र सहमती झाली नाही. तिला सोबत न्यायची होती, त्याला पहिलं वर्ष जळगावातच ठेवायची होती. दोघांची कारणं खरी होती. शेवटी असं ठरलं की दिवाळीपर्यंत मुलगी आईजवळ, मग तिची तब्येत आणि अंगणवाडी पाहून पुन्हा बसायचं. त्याने कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या पानाला पेन्सिलीने खूण केली. ती रुजू झाली त्या दिवशी त्याने सकाळी गॅरेज उघडलं नाही, स्टेशनवर सोडायला गेला. गाडी हलल्यावर तिने खिडकीतून विचारलं, ‘काय झालं?’ तो म्हणाला, ‘काही नाही. वाईट वाटतंय. जा तू.’